‘द्वारा’ लिहायला जागा नाही

घरच्या वाय-फायवर माझ्या व्हर्च्युअल मशीनला दोन सेकंदांत आयपी ॲड्रेस मिळायचा. ऑफिसच्या वाय-फायवर तेच मशीन, तोच लॅपटॉप, तेच सेटिंग, आणि पत्ता नाही. नोकरीला लागून दुसराच महिना होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता क्लायंटची तीन माणसं आपापल्या फोनवर आमचं हिशोबाचं ॲप उघडून बघणार होती. ॲप त्या मशीनमध्ये होतं.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. माझ्याकडे उबुंटूच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स आणि त्यात आणखी एक उबुंटू, असं होतं. या आतल्या कॉम्प्युटरला नेटवर्क द्यायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. नॅटमध्ये तो लॅपटॉपच्या आडून बोलतो आणि बाहेर फक्त लॅपटॉप दिसतो. ब्रिज्डमध्ये तो नेटवर्कवर स्वतंत्र रहिवासी म्हणून उभा राहतो आणि राउटरकडे स्वतःसाठी वेगळा पत्ता मागतो. फोनवरून थेट उघडता यावं म्हणून मी ब्रिज्ड ठेवलं होतं.

सगळ्यात आधी लॅपटॉप माझ्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडला. मशीनला लगेच पत्ता मिळाला. म्हणजे मशीन ठीक, व्हर्च्युअलबॉक्स ठीक, वाय-फाय कार्डही ठीक. पत्त्याची मागणी ऑफिसच्या नेटवर्कमध्ये कुठेतरी गळत होती. मग ऑफिसच्या वाय-फायवर परत येऊन लॅपटॉपवर हे चालवलं:

```
sudo tcpdump -evni wlp2s0 port 67 or port 68
```

६७ आणि ६८ हे पत्ता मागण्या-देण्याचे, म्हणजे डीएचसीपीचे पोर्ट. मशीनची मागणी दर काही सेकंदांनी बाहेर जात होती. उत्तर एकही येत नव्हतं. पण त्या मागणीतच एक गंमत होती. पाकिटावर पाठवणारा म्हणून लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डाचा मॅक ॲड्रेस होता, आणि आतल्या अर्जात `Client-Ethernet-Address` समोर `08:00:27` ने सुरू होणारा वेगळाच मॅक. `08:00:27` ही व्हर्च्युअलबॉक्सच्या मशीनची खूण. पाकिटावर एक नाव, आतल्या अर्जावर दुसरं.

हे असं का, ते कळायला वाय-फायचं पाकीट बघावं लागतं. लॅपटॉपकडून ॲक्सेस पॉइंटकडे जाणाऱ्या नेहमीच्या पाकिटावर तीन पत्ते असतात: ॲक्सेस पॉइंटचा, पाठवणाऱ्या लॅपटॉपचा आणि शेवटी जिथे पोचायचं तिथला. पाठवणाऱ्यासाठी जागा एकच. आपल्याकडे पोटभाडेकरूच्या पत्रावर ‘द्वारा, अमुक अमुक’ लिहितात ना, ती ओळ या पाकिटावर नाही. ‘पाठवतोय लॅपटॉप, पण मूळ पत्र आतल्या मशीनचं’ असं सांगायला चौथा पत्ता लागतो. तसं पाकीट असतं, पण दोन्ही बाजूंनी ते चालू केलेलं असावं लागतं आणि साध्या जोडणीत ते नसतं. तारेच्या इथरनेटला ही अडचण नाही. तिथे एकाच तारेवरून कितीही मॅक बोलू शकतात. वाय-फायवर मात्र ॲक्सेस पॉइंट फक्त जोडलेल्या उपकरणांना ओळखतो, आणि आतलं मशीन त्याच्याशी कधी जोडलेलंच नसतं.

मग घरी कसं चालतं? व्हर्च्युअलबॉक्स मध्ये पडून तोडगा काढतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर मशीनचं नाव खोडून लॅपटॉपचं नाव टाकतं. डीएचसीपीच्या अर्जात ‘उत्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं द्या’ ही खूण करतं, म्हणजे ते लॅपटॉपपर्यंतही पोचतं. कुठला आयपी कुठल्या मशीनचा हे लक्षात ठेवतं आणि आलेलं पत्र आत सरकवतं. घरचा राउटर पाकीट आणि अर्ज यांची नावं जुळवून बघत बसत नाही, म्हणून खपतं.

ऑफिसात कोण जुळवून बघतंय हे मला लॅपटॉपवरून दिसणं शक्य नव्हतं. वेळ दिसत होता, साडेपाच. टेबलाखाली नेटवर्कची तार होती. वाय-फायची अडचण तारेला नाही, हे तर आता माहीत होतं. तरी आधी नेटवर्क बघणाऱ्या सरांकडे गेले.

“सर, डेस्कची तार वापरली तर चालेल का? आत ब्रिज्ड मशीन आहे.”

“अजिबात नको,” ते म्हणाले. “लावलीस तर पोर्ट पडेल. मशीनचंही जाईल आणि तुझ्या लॅपटॉपचंही.”

आमच्या डेस्कच्या पोर्टांवर पोर्ट सिक्युरिटी होती. सिस्कोच्या स्विचवर ती चालू केली की वेगळं काही न सांगता एका पोर्टला एकच मॅक चालतो. दुसरा दिसला की पोर्ट बंद होऊन `err-disabled` अवस्थेत जातो. ब्रिज्ड मशीन तारेवर स्वतःच्या खऱ्या मॅकने बोलतं, त्यामुळे स्विचला ते कुणीतरी टेबलाखाली लपवलेल्या जास्तीच्या उपकरणासारखंच दिसतं. पोर्ट पडला की सुरक्षा टीमकडे नोंद जाते आणि तो कुणीतरी हाताने उठवेपर्यंत ते डेस्क नेटवर्कबाहेर.

मी सरांना दोन मॅकची गोष्ट सांगितली. त्यांनी आमच्या मजल्याच्या स्विचचा लॉग उघडला. आमच्याकडे ॲक्सेस पॉइंटवरून डेटा थेट या स्विचमध्ये उतरतो. ओळींमागून ओळी होत्या: `DHCP_SNOOPING_MATCH_MAC_FAIL`. पाकिटावरचा मॅक आणि अर्जातला मॅक जुळत नाही, म्हणून मागणी टाकून दिली.

“हे बंद करता येईल का, सर?”

“करता येईल. पण मग एकच लॅपटॉप खोट्या नावांनी हजार अर्ज करून सगळे पत्ते संपवू शकतो. म्हणून तर ठेवलंय.”

ते मला पटलं. व्हर्च्युअलबॉक्स जे करत होतं ते निरुपद्रवी होतं, पण स्विचच्या जागी उभं राहिलं तर फरक कळायला मार्गच नव्हता. मशीनला लॅपटॉपचाच मॅक देऊन नावं जुळवता आली असती, असं मनात येऊन गेलं. पण एकाच नावाने दोघं पत्ता मागणार म्हटल्यावर दोघांच्याही पत्त्यांचा गोंधळ.

उरला नॅट. त्यात मशीनचं नाव बाहेर जातच नाही, त्यामुळे न जुळण्याचा प्रश्न संपतो. फक्त बाहेरून आत यायला वाट करून द्यावी लागते. मशीन बंद करून, त्याचं पहिलं नेटवर्क कार्ड नॅटवर टाकलं आणि:

```
VBoxManage modifyvm "demo" --natpf1 "web,tcp,,8080,,80"
```

लॅपटॉपच्या ८०८० पोर्टवर आलेलं मशीनच्या ८० वर पोचवा, एवढाच याचा अर्थ. मशीन सुरू केलं, फोनवर लॅपटॉपचा आयपी आणि `:8080` टाकलं, ॲप उघडलं.

सरांनी एक मात्र बजावलं. पाहुण्यांच्या वाय-फायवर एका उपकरणाला दुसरं दिसत नाही, तशी तिथे भिंतच घातलेली आहे. क्लायंटचे फोन तिथे जोडले असते तर फोनवर नुसतं चक्र फिरत राहिलं असतं आणि मी मशीनमध्ये चूक शोधत बसले असते. त्यांनी तीन फोनांना एका दिवसापुरता आतल्या वाय-फायवर प्रवेश दिला. डेमो झाला.

पुढच्या महिन्यात मात्र एका चाचणीसाठी मशीनला खरोखर स्वतःचा पत्ता हवा होता. तेव्हा नॅट कामाचं नव्हतं. मी अर्ज केला, मशीनचा मॅक लिहून दिला, आणि सरांनी माझ्या डेस्कच्या पोर्टवर एक ओळ बदलली: `switchport port-security maximum 2`. तार लावली. दोन मॅक, दोन पत्ते, आणि पोर्टचा हिरवा दिवा तसाच लुकलुकत राहिला.