आमि आछि

सासरे गेले तेव्हा बायको कोलकात्यात होती आणि मी पुण्यात. विमान सकाळचं होतं. आम्ही एरवी हिंदीत बोलतो, अधूनमधून मराठीत. पण त्या रात्री तिच्या घरात सगळे बंगालीत रडत होते. म्हटलं, मेसेज तरी तिच्या भाषेत लिहावा. आठ वर्षांत तेवढी बंगाली आली होती.

आधी लिहिलं, ‘तोमार क्षतिर जन्य आमि दुःखित.’ व्याकरण बरोबर होतं. पण ‘दुःखित’ हा तिकडे दिलगिरीचाही शब्द. गाडीला उशीर झाला की स्टेशनवर ऐकू येतो. आणि ‘क्षति’ म्हणजे नुकसान. खोडलं.

मग ‘बाबा मारा गेछेन’पाशी अडलो. बंगालीत याचा अर्थ साधा, वारले. मला ठाऊक होतं, तरी मराठी कानाला त्यात कुणीतरी मारल्यासारखं वाटत राहिलं. ती फोनवर ‘बाबा नेइ’ एवढंच म्हणाली होती. नेइ, म्हणजे नाहीत. ते मी पुन्हा कशाला सांगायचं?

शेवटी पाठवलं, ‘खेयेछो? आमि आछि. सकाले आसछि.’ जेवलीस का? मी आहे. सकाळी येतोय.

पाठवल्यावर आठवलं, सासरे रोज फोनवर पहिलं हेच विचारायचे. ते ‘खेयेछिस’ म्हणत, कारण मुलीला ‘तुइ’. माझं ‘तुमि’तलं ‘खेयेछो’. फरक एका अक्षराचा, पण ते अक्षर त्यांचंच.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, ‘ना. तुमि खेयेछो?’