बिलावरचा 'बी'

बाबांच्या बीपीच्या गोळ्या मी मोबाइलवरून मागवल्या त्या सूट बघून. तीन महिन्यांच्या नऊ पट्ट्या, वर गुडघेदुखीच्या कॅप्सूलची डबी फुकट. कुरियरवाला आमच्या गावापर्यंत येत नाही, म्हणून भर पावसात एसटीने शहापूरला जाऊन पार्सल आणलं.

"फुकट कशाला देतात रे?" आईने विचारलं. मी हसण्यावारी नेलं.

पट्टी उलटी केली तर एक्सपायरी सप्टेंबरची. त्या दिवशी ऑगस्टची ११ तारीख. छापलेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत गोळी चालते, म्हणजे रोज एक धरली तरी ५१ संपणार आणि ३९ उरणार. बिलावर मात्र पुढच्या वर्षाचा मार्च होता.

दुसऱ्या दिवशी सगळं घेऊन आमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये गेलो. तिथल्या दादांनी एक्सपायरी नंतर पाहिली, आधी बिल आणि पट्टी शेजारी धरली. बॅच नंबर जुळत नव्हता. "बिल एका मालाचं, माल दुसराच. उद्या ही बॅच खराब निघाली तर तू कुठल्या कागदावर भांडणार?"

मग त्यांनी बिलाच्या डोक्यावर बोट ठेवलं. लायसन्सचे दोन नंबर होते, २० बी आणि २१ बी. मी म्हटलं, लायसन्स आहे ना मग? "हा होलसेलवाला आहे. त्याने दुकानांना, दवाखान्यांना विकायचं. पेशंटला विकणाऱ्याच्या बिलावर २० आणि २१ पाहिजे, बी नको. शिवाय डॉक्टरचं नाव आणि फार्मासिस्टची सही." दोन्ही रकाने कोरे होते. पट्टीच्या कडेला उभी लाल रेघ होती, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही अशी गोळी. माझ्याकडे ऑर्डर घेताना कुणी चिठ्ठी मागितलीच नव्हती, आणि मला तेव्हा ते सोयीचंच वाटलं होतं. ऑनलाइन विक्रीसाठी वेगळ्या नियमांचा मसुदा २०१८ साली निघाला होता. पण दुकान मोबाइलमध्ये असलं म्हणून चिठ्ठीचा जुना नियम सुटत नाही.

डबीवर औषधाचं लायसन्स नव्हतंच. पुढे ठळक 'गुडघेदुखी', मागे बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. असल्या पूरक आहारावर अन्नसुरक्षेचा १४ आकडी नंबर लागतो, तो foscos.fssai.gov.in वर टाकून कंपनीचं नाव बघता येतं. मी टाकायला घेतला आणि मोजले तर आकडे १३च.

बिल आणि पट्टी एका फोटोत घेऊन तक्रार टाकली. दोनदा आठवण करून दिल्यावर पैसे आले, पट्ट्या न्यायला कुणी आलं नाही. बाबांचा जीव त्यात अडकलेला. "सप्टेंबरपर्यंत तरी खातो की!"

दादांना फोन लावून दिला. ते एवढंच म्हणाले, "काका, बिलाशी न जुळणारा माल कुठल्या पत्र्याखाली तापलाय, कुणाला ठाऊक?"

बाबांनी मुकाट्याने पट्ट्या माझ्याकडे सरकवल्या. डबी मात्र त्यांनी उशाखाली ठेवली होती, ती आईला चार दिवसांनी सापडली.