साडेसात सेंटिमीटर

गेल्या शनिवारी शहाद्याला गेलो होतो. चुलतभावाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. गेल्या गेल्या त्याने सातबाऱ्याची प्रिंट पुढे केली. डाव्या बाजूला एकाखाली एक चार काळे ठिपके, आणि त्यातला एक नेमका क्षेत्राच्या आकड्यात! १२० चं १.२० वाचावं असा. सोसायटीत कर्जाला द्यायचा कागद, शेतकरी घेईल कशाला?

"दादा, फ्युजर गेला म्हणतो मेकॅनिक. बदलावा लागेल भो."

मी म्हटलं, आधी पट्टी दे.

लेझर प्रिंटरच्या आत बरेच रूळ फिरत असतात. एखाद्यावर डाग किंवा ओरखडा असला, की प्रत्येक फेऱ्यात तो एकदा कागदावर उमटतो. म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर हा त्या रुळाचा परीघ. (शाळेतला पाय शेवटी कामाला आला!) एकच अंतर मोजलं तर चूक होते, म्हणून पहिल्यापासून चौथ्यापर्यंत मोजलं: २२६ मिमी. भागिले तीन, साधारण ७५. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास २४ मिमी. कार्ट्रिजमधला ड्रम मोजला, तोही २४. याच्या फ्युजरची फिल्म साधारण १८ मिमी व्यासाची, तिचे ठिपके ५६-५७ मिमीवर पडले असते. हे आकडे या मशीनचे; तुमच्याकडचे रूळ वेगळे असू शकतात. आणि वरून खालपर्यंत सलग रेघ असेल तर हे गणित विसरा.

तरी खात्री केलेली बरी. पुन्हा प्रिंट दिली आणि कागद अर्धा आत असताना झाकण उघडलं. फ्युजरपर्यंत न पोचलेल्या भागावर टोनर कच्चाच होता, बोटाने पुसला जाणारा. ठिपका तिथेही हजर. मग फ्युजरचा काय दोष?

कार्ट्रिज काढून ड्रम हळूच फिरवला. हिरव्या-निळ्या लेपावर टाचणीच्या टोकाएवढा टवका. लेप गेला की त्या जागी विद्युतभार टिकत नाही. लेझरसुद्धा काळं करायच्या जागेवरचा भारच घालवतो, त्यामुळे टोनरला वाटतं इथे काळं करायचंय. म्हणून अशा टवक्याचा डाग काळाच. पुसून तो जात नाही. नुसता चिकटलेला टोनर असता तर कोरड्या मऊ फडक्याने गेला असता. (ड्रम उजेडात ठेवू नका हो, मी टॉवेलखाली झाकला होता.)

टवका कशाने पडला? भाऊ पाठकोरे कागद वापरतो. ट्रेमध्ये शोधलं तर एका जुन्या फॉर्मला स्टेपलरची पिन तशीच.

भावाने नंदुरबारहून नुसता ड्रम मागवला. सोमवारी दुपारी त्याचा फोन आला, सातबारा स्वच्छ निघाला. पाठकोरे मात्र अजून वापरतोच, पिना काढून :-)