शेवटची गोळी कधी घेतली?

परिचर्या महाविद्यालयात मी औषधशास्त्र शिकवते आणि परीक्षेसाठी प्रश्नही काढते. नैराश्यावरच्या औषधांचा धडा आला की प्रश्न ठरलेले असतात. गट ओळखा, गुण यायला किती दिवस लागतात, सेरोटोनिन सिंड्रोमची लक्षणं लिहा, कोणत्या औषधाबरोबर जुनं चीज वर्ज्य आहे. मुली चारही उत्तरं पाठ करतात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात. वॉर्डात मात्र हे चारही प्रश्न एकाच पेशंटच्या केसपेपरवर येऊन बसतात आणि ते सुटतात ते तारखांवरून. म्हणून मी काढलेल्या प्रश्नात औषधाच्या नावाशेजारी ते कधी सुरू झालं आणि कधी थांबलं हे असतंच.

गटांवर मी फार वेळ घालवत नाही. चेतापेशी सेरोटोनिन बाहेर सोडतात आणि वापरून झालं की परत आत ओढून घेतात. हे आत ओढणं एसएसआरआय गटातली औषधं अडवतात: फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम. व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन सेरोटोनिनबरोबर नॉरॲड्रेनॅलिनचंही आत जाणं अडवतात. ॲमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन ही जुनी ट्रायसायक्लिक औषधंही जवळपास हेच करतात, पण त्यांचे हात इतर अनेक ठिकाणी पोचतात. त्यामुळे तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, आणि जास्त गोळ्या घेतल्या तर हृदयाची लय बिघडून जीव जातो. सगळ्यात जुना गट एमएओआय. तो मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकरच बंद पाडतो, म्हणजे सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन मोडून टाकणारी यंत्रणाच थांबते.

खरी अडचण गुण येण्याच्या प्रश्नापासून सुरू होते. एसएसआरआयच्या पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सेरोटोनिनचं आत ओढलं जाणं कमी होतं. मग मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे आणि पुरता गुण यायला सहा-आठ आठवडे का लागतात? सगळ्यात जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण असं की सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीवरच त्याची पातळी मोजणारे ग्राही असतात. पाण्याच्या टाकीत पातळी चढली की फ्लोट नळ बंद करतो, तसं सेरोटोनिन वाढल्याचं कळताच हे ग्राही पेशीला आवरतं घ्यायला लावतात. पातळी दिवसेंदिवस वरच राहिली की ते हळूहळू बोथट होतात आणि मग कुठे पेशी मोकळेपणाने काम करू लागते. त्यापुढे पेशींच्या आत जे बदल होतात त्यांनाही आठवडे लागतात. हे सगळं चित्र पुरतं सिद्ध झालेलं नाही आणि वर्गात मी तसं स्पष्ट सांगते. पण आठवड्यांचा हिशेब मात्र रोजच्या अनुभवातला आहे.

या आठवड्यांत पेशंटच्या वाट्याला आधी येतात ते दुष्परिणाम. मळमळ, पोट बिघडणं, झोप उडणं, विनाकारण घालमेल. दहाव्या दिवशी बाई म्हणते, ‘सिस्टर, या गोळ्या मला मानवत नाहीत, घेतल्यापासून जास्तच त्रास आहे.’ घरचेही म्हणतात, बंद कर. म्हणून माझ्या प्रश्नात ‘दहावा दिवस’ असतो आणि विचारलेलं असतं की तुम्ही तिला काय सांगाल. सांगायचं ते एवढंच, की मळमळ बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते, गुण त्यानंतर येतो आणि गोळी मनाने थांबवायची नाही. पण एवढ्यावर उत्तर संपत नाही. पुष्कळदा हालचाल, भूक, झोप आधी सुधारतात आणि निराशा मागे रेंगाळते. ज्याच्यात उठून काही करण्याचंही बळ नव्हतं त्याला बळ येतं, विचार मात्र तेच काळे असतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये लहान व किशोरवयीन मुलांसाठी आणि २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या औषधांवर आत्महत्येच्या विचारांबद्दल ठळक इशारा छापायला लावला. तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत ‘मरावंसं वाटतं का?’ हे सरळ शब्दांत विचारायचं, आणि गोळ्यांचा साठा घरच्यांच्या हाती ठेवायचा. हे न लिहिणाऱ्या मुलीला मी पूर्ण गुण देत नाही.

आता ज्या प्रश्नावर वर्गात सगळ्यात जास्त वाद होतो तो सांगते. एका बाईला औषधांना न जुमानणारा क्षयरोग झाला आहे. ती नैराश्यासाठी बरेच महिने रोज ४० मिलिग्रॅम फ्लुओक्सेटिन घेत होती. ते दहा दिवसांपूर्वी थांबवलं. काल सकाळी क्षयाचे नवे उपचार सुरू झाले, त्यात लाइनेझोलिड आहे. दोन दिवसांपूर्वी उलट्यांसाठी मेटोक्लोप्रमाइडचं एक इंजेक्शन दिलं होतं. आज दुपारी तीनला कोरड्या खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं सिरप दिलं. संध्याकाळी सातला ती घरून आलेली ताज्या पनीरची भाजी जेवली. रात्री नऊला ती अस्वस्थ आहे, घामाने न्हायली आहे, हात थरथरताहेत, बाहुल्या मोठ्या झाल्या आहेत, जुलाब झाले आहेत. ताप ३८.६ अंश सेल्सियस, नाडी १२४, रक्तदाब १५०/९६. पाऊल झटक्यात वर दाबून धरलं की ते लयीत उडत राहतं. हे काय आहे?

निम्म्या मुली क्षयाचा ताप म्हणतात. काही चीजवाली प्रतिक्रिया म्हणतात, कारण पनीर दिसलेलं असतं. काही मेटोक्लोप्रमाइडवर बोट ठेवून न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम म्हणतात. सेरोटोनिन सिंड्रोम सुचतो तरी पुष्कळजणी तो खोडतात, कारण फ्लुओक्सेटिन तर थांबवलंय.

थांबवलंय, पण ते शरीरातून गेलंय का? फ्लुओक्सेटिनपासून शरीरात नॉरफ्लुओक्सेटिन तयार होतं आणि त्याचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण आठवडा, कधी दोन आठवडेही लागतात. म्हणजे दहाव्या दिवशी या बाईच्या रक्तात निम्म्याच्या आसपास औषध अजून असू शकतं. म्हणून फ्लुओक्सेटिननंतर एमएओआय द्यायचं तर पाच आठवडे थांबायचं असतं. सर्ट्रालिननंतर दोन आठवडे पुरतात, कारण ते साधारण दिवसाभरात निम्मं होतं. उलट दिशेने, एमएओआय थांबवून एसएसआरआय सुरू करतानाही दोन आठवडे लागतात. तिथे कारण वेगळं आहे: औषध कधीच निघून गेलेलं असतं, पण कायमचं निकामी झालेलं विकर शरीराला नव्याने घडवावं लागतं.

लाइनेझोलिड हे प्रतिजैविक असलं तरी मोनोअमाइन ऑक्सिडेजला सौम्यपणे आणि तात्पुरतं अडवतं. डेक्स्ट्रोमेथॉर्फनही सेरोटोनिन वाढवतं, आणि यकृतातलं जे विकर त्याला मोडतं ते उरलेल्या फ्लुओक्सेटिनने दाबून ठेवलेलं आहे. सिरपचा नेहमीचा डोस तिच्यासाठी मोठा ठरला. तीनला सिरप, नऊला लक्षणं; सेरोटोनिन सिंड्रोमच्या बहुतेक रुग्णांत औषध बदलल्यापासून सहा तासांच्या आतच लक्षणं दिसतात, हे इथे जुळतं. न्यूरोलेप्टिक सिंड्रोम दिवसांच्या चालीने चढतो, अंग शिशाच्या नळीसारखं ताठरतं आणि प्रतिक्षेप मंदावतात. इथे ते उसळताहेत, पायांत जास्त. २००३ मध्ये मांडलेल्या हंटर निकषांत पावलाच्या या उडण्याला, म्हणजे क्लोनसला, मध्यवर्ती जागा आहे. सेरोटोनिन वाढवणारं औषध पोटात, क्लोनस, आणि जोडीला घालमेल किंवा घाम, एवढ्यावर निदान होतं. त्यासाठी कुठलीही रक्ततपासणी नाही. पाऊल हातात धरून पाहणं एवढंच लागतं.

पुढचं काम सिस्टरचंच असतं. लाइनेझोलिडचा पुढचा डोस आणि सिरप रोखायचं, डॉक्टरांना लगेच कळवायचं, सलाइन आणि लोराझेपामची तयारी ठेवायची, अंग थंड करायचं. हा ताप स्नायूंच्या सततच्या हालचालीतून येतो, म्हणून पॅरासिटामॉलने उतरत नाही. पेशंट धडपडते म्हणून तिला बांधून ठेवायचं नाही. बंधनाशी झुंजताना स्नायू आणखी तापतात. बऱ्याचजणांना औषध थांबवल्यावर चोवीस तासांत उतार पडतो, फ्लुओक्सेटिन असेल तर जास्त वेळ लागू शकतो. गरज पडल्यास सायप्रोहेप्टाडिन देतात, सुरुवातीला १२ मिलिग्रॅम. आपल्याकडे भूक लागावी म्हणून मुलांना देतात तेच हे औषध, हे ऐकून मुली चकित होतात. आणि हेही सांगायला हवं की लाइनेझोलिड आणि एसएसआरआय एकत्र घेणाऱ्या बहुतेकांना काही होत नाही. क्षयाचा उपचार भीतीपोटी नाकारायचा नसतो, पेशंटवर लक्ष ठेवायचं असतं.

उरलं पनीर. चीजची गोष्ट मूळची इंग्लंडची. १९६३ च्या सुमारास नॉटिंगहॅमच्या एका औषधविक्रेत्याच्या लक्षात आलं की एमएओआय घेणाऱ्या आपल्या पत्नीला चीज खाल्ल्यावर भयंकर डोकेदुखी होते. त्याने ते कळवलं आणि लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातले बॅरी ब्लॅकवेल यांनी तो धागा शेवटापर्यंत नेला. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामिन असतं. एरवी आतडं आणि यकृत त्याला मोडून टाकतात. तिथलं विकर बंद असेल तर ते थेट रक्तात जातं आणि चेतातंतूंतून नॉरॲड्रेनॅलिन बाहेर ढकलतं. खाल्ल्यावर दोनेक तासांत डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका आणि अचानक चढलेला रक्तदाब, कधी मेंदूत रक्तस्राव. हा नॉरॲड्रेनॅलिनचा उत्पात आहे. त्यात क्लोनस नसतो. ताज्या पनीरमध्ये टायरामिन नगण्य असतं. ते तयार होतं मुरण्यात, आंबण्यात, शिळं होण्यात: मुरवलेलं चीज, सोया सॉस, नळाची बिअर, खारवून ठेवलेलं मांस.

‘एमएओआय आपल्या वॉर्डात दिसतच नाहीत, मग हे कशाला?’ असं मुली विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर क्षयरोगातच आहे. पहिलं एमएओआय, इप्रोनियाझिड, हे आयसोनियाझिडचं भावंड. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात ते क्षयाच्या रुग्णांना दिलं गेलं आणि रुग्ण कमालीचे उत्साही झालेले दिसले. त्यातून १९५७ मध्ये ते नैराश्यावर वापरलं जाऊ लागलं. आज विकर अडवणारं औषध लाइनेझोलिडच्या रूपाने पुन्हा क्षयाच्याच वॉर्डात आलं आहे. त्याच्या माहितीपत्रकात एका जेवणात टायरामिन १०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं आहे. रोजच्या वरण-भात-भाजीत तेवढं कधी जात नाही, त्यामुळे या पेशंटला पथ्याच्या लांबलचक यादीने घाबरवू नये. मुरवलेल्या आणि आंबवलेल्या पदार्थांचा मोठा वाटा टाळा, एवढं पुरे.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी कुणी नैराश्याची गोळी घेत असेल, तर खोकल्याचं सिरप, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी किंवा नवं प्रतिजैविक घेण्याआधी डॉक्टरांना आणि दुकानदारालाही त्या गोळीचं नाव सांगा. ती अलीकडे बंद केली असेल तरीही सांगा, आणि शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली तेही सांगा.