बोली हसवते, की प्रसंग हसवतो?

आमच्या रायपूरच्या मराठी घरात ‘तू काय करतेस?’ असं कुणी विचारत नाही. ‘तू काय करून राहिली?’ असं विचारतात. नागपूरकडून आलेली आणि इथल्या हिंदीच्या शेजारात मुरलेली ही मराठी. पुण्याच्या लग्नात मी ‘येऊन राहिले’ म्हटलं की चुलत भावंडं खुदकन हसतात. मी विनोद केलेला नसतो, फक्त येत असल्याचं सांगितलेलं असतं.

म्हणून छत्तीसगढी पात्रांची विनोदी स्क्रिप्ट लिहायला घेतली की मी आधी एकच गोष्ट तपासते: यात हसू नेमकं कशाचं येतंय?

याचा उत्तम धडा आमच्याच गावच्या माणसाने दिलाय. हबीब तन्वीर १९२३ साली रायपूरला जन्मले. १९५८मध्ये त्यांनी छत्तीसगढचे लोककलावंत दिल्लीला नेऊन ‘मिट्टी की गाडी’ केलं. पण रात्र रात्र नाचा रंगवणारी ही मंडळी हिंदी संवाद म्हणताना अवघडायची. पुढे सत्तरच्या दशकात तन्वीरांनी त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू दिलं आणि तेच कलावंत मोकळे झाले. नाटकातल्या गरिबापासून राणीपर्यंत सगळेच छत्तीसगढी बोलू लागले, तेव्हा बोली ही ‘अडाण्याची खूण’ उरलीच नाही.

१९७५चं ‘चरणदास चोर’ घ्या. विजयदान देथांच्या राजस्थानी कथेवरून आलेलं हे नाटक. चरणदास गुरूला गमतीत चार वचनं देतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. चोराला हे देणार कोण? मग गुरू पाचवं वचन घेतो: खोटं बोलणार नाही. आता पुढची गंमत बघा. चरणदास राजाच्या खजिन्यातून फक्त पाच मोहरा उचलतो. खजिन्यावरचा माणूस संधी साधून आणखी पाच स्वतःच्या खिशात घालतो आणि चोरी दहाची झाली म्हणून सांगतो. चरणदासला विचारल्यावर तो शांतपणे म्हणतो, मी पाचच घेतल्या. चोर खरं बोलतो आणि राखणदार उघडा पडतो. हसू येतं ते या पेचाचं. पुढे खरी राणीच लग्नाची मागणी घालते, आणि त्याच वचनांपायी चरणदासचा जीव जातो. ज्याच्यावर नुसतंच हसलो असतो, त्याच्या मरणाने आपण गलबललो नसतो.

यातून मला एक सोपी कसोटी सापडली. विनोद प्रमाण भाषेत सांगून बघायचा. मोहरांचा प्रसंग पुणेरी मराठीत सांगा, हसू येतंच. पण नुसता उच्चार सुधारल्यावर विनोद मरत असेल, तर तिथे विनोद नव्हताच, वेडावणं होतं.

मध्यंतरी एक स्क्रिप्ट सुधारायला आली. सोसायटीचा वॉचमन छत्तीसगढीत बोलतो, साहेब त्याची नक्कल करतात, एवढाच विनोद. प्रमाण भाषेत सांगितल्यावर काहीच उरेना. मी वॉचमनची बोली तशीच ठेवली आणि प्रसंग बदलला. साहेबांनी स्वतःच नोटीस लावलीय: कार्डाशिवाय प्रवेश नाही. रात्री अकराला साहेब कार्ड विसरून येतात. वॉचमन अगदी आदराने म्हणतो, ‘आपे मन त केहे हव साहेब, बिना कारड के कोनो ला भीतरी झन आवन देबे.’ म्हणजे, आपणच तर सांगितलंय, कार्डाशिवाय कुणाला आत येऊ देऊ नको. आता घाम साहेबांना फुटतो. कार्ड घरात आणि घर गेटच्या आत!

आणखी एक गोष्ट लिहिताना निसटते. साहेबांचं वाक्य शुद्ध लिहायचं आणि वॉचमनचं मात्र तोडूनमोडून, अशी सवय असते. प्रत्यक्षात रायपूरचे साहेबही ‘आता हूं करके बोला था’ असंच बोलतात. मग दोघांचंही बोलणं जसं कानावर पडतं तसंच लिहायचं.

या कसोटीलाही मर्यादा आहे. बोलीत स्वतःची शब्दांची गंमत असते, एखादी म्हण, एखादा दुहेरी अर्थ, जो भाषांतरात जातोच. तिथे मी दुसरं बघते: ही गंमत पात्र स्वतः करतंय, की पात्राच्या नकळत त्याची केली जातेय? स्वतः करत असेल तर ती त्याची हुशारी. राहू द्यावी.

शेवटी स्क्रिप्ट ती बोली घरात बोलणाऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्यावी. शब्द चुकला असेल तर ते लगेच सांगतात. आणि वाचता वाचता त्यांचा आवाज खाली गेला, तर तेवढी ओळ काढून टाकावी.