न घडलेल्या गोष्टीचा पुरावा

परवा संध्याकाळी माझी पुतणी ओसरीवर येरझारा घालीत पाच मिनिटांचे भाषण पाठ करीत होती. चार दिवसांवर तिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा आली होती. आमच्या भिवंडीत १९७० साली दंगल झाली, १९८४ साली पुन्हा झाली. मग १९९२ च्या डिसेंबरात शेजारची मुंबई पेटली असता भिवंडी शांत कशी राहिली, हा तिचा प्रश्न.

"ऐका हं काका. मुलाखतीची पद्धत सखोल असते, म्हणून मी ती निवडली."

"अगं, सखोल तर विहीरही असते!" मी म्हटले. "पाचशे घरी प्रश्नावली का नाही वाटलीस, असे विचारले तर?"

ती रुसून आत गेली. दूरच्या मागांचा खडखडाट ऐकत मी बसून राहिलो. जेवणे झाल्यावर ती नवा कागद घेऊन आली.

"दंगल झाली तर पंचनामा उरतो, न झालेल्या दंगलीचा पंचनामा कोण करणार? प्रश्नावलीतून लोकांना आज काय वाटते ते कळले असते, तेव्हा काय घडले ते नव्हे. म्हणून मी प्रथम भिवंडीची तुलना भिवंडीशीच केली. १९८४ आणि १९९२, दोन्ही वेळी गाव मागांचेच आणि शेजारही तेच. मध्ये पडलेली एक मोठी भर म्हणजे १९८८ साली पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी सुरू केलेल्या मोहल्ला समित्या. पण आठ वर्षांत इतरही पुष्कळ बदलते. नुसत्या तुलनेने कारण सिद्ध होत नाही. म्हणून मी एकेका अफवेचा माग काढला. समजा, कुठे दगड पडल्याची आवई उठली. ती कोणी ऐकली, खात्री करायला कोण गेले, ती विझली कुठे? शांतता समित्यांमुळे राहिली असेल, तर या साखळीत समितीचा माणूस सापडलाच पाहिजे. दोन्ही समाजांतल्या, एकमेकांशी न बोललेल्या दोघांनी तीच हकीकत सांगितली पाहिजे आणि ती त्या वेळच्या कागदांशी जुळली पाहिजे. कारण इतक्या वर्षांनी आठवण गोड होते. समितीवाचूनच अफवा विझत असतील, तर माझे म्हणणे पडते. आणि ते टिकले तरी, समित्या नेमल्या की कोणतेही गाव शांत राहील, असे एका गावावरून मला म्हणता येणार नाही."

मी मान डोलावली आणि सहज विचारले, "आणि माझी ती हकीकत कुठल्या प्रकरणात घातलीस?" त्या डिसेंबरात मी एकट्याने गल्लीच्या तोंडाशी उभे राहून पोरांचा घोळका परतवला, ही गोष्ट आमच्या घरी दर दिवाळीला फराळाबरोबर होते.

ती कागदाची घडी घालीत हळूच म्हणाली, "नाही घातली, काका. तिला दुसरा साक्षीदार मिळाला नाही."

क्षणभर वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण तिच्या परीक्षेची माझी काळजी मात्र तिथेच मिटली.