आषाढातली वही

कोल्हापुरातल्या आमच्या वसाहतीत अण्णा आणि भाऊ यांची घरे एकमेकांना लागून आहेत. अण्णांनी गच्चीवर तीन किलोवॅटचे सोलर बसवले, आणि तेव्हापासून मधल्या भिंतीवरून वाद सुरू झाला. ‘‘अहो अण्णा, आषाढात सूर्यच दिसत नाही, तिथे हे तुमचे सोलर काय कामाचे?’’ हा भाऊंचा सवाल. ‘‘ढगाआडूनही उजेड येतोच की,’’ हे अण्णांचे उत्तर. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असल्यामुळे वाद मिटण्याची चिन्हे नव्हती.

अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा दिवसाचा आकडा, आभाळाची स्थिती आणि वीज किती वेळ गेली, हे वहीत टिपण्याची त्यांची सवय. २०२४ च्या गणपतीत ती वही त्यांनी भाऊंपुढे ठेवली आणि वाचून दाखवण्याचे काम आमच्याकडे आले.

जुलैतल्या सर्वांत वाईट आठवड्याचे आकडे असे: ३.१, २.४, ४.०, ०.९, ५.२, ३.६, २.८. एकूण २२ युनिट. घराची गरज ५६. भाऊ हसले. ‘‘आणि हे ०.९ बघा, म्हणजे शून्यच!’’ परंतु त्या दिवसापुढे ‘ऊन-सावली, वीज नाही, ९ ते ४’ अशी नोंद होती. अशा जोडणीत बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. एरवी दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या माणसाला छपरावरच्या विजेचा धक्का बसेल. दोष ढगांचा नव्हता. शेजारचा रकाना नसता, तर तो त्यांच्याच माथी बसला असता.

मग आम्ही मागची पाने उलटली. एप्रिल-मेमध्ये ७७५ युनिट तयार झाले, खर्च ६२५. म्हणजे १५० युनिट नेट मीटरवर जमा. पुढे जूनमध्ये १०, जुलैत ९० आणि ऑगस्टमध्ये ४० युनिटांची तूट आली. बेरीज १४०. अण्णांच्या जोडणीत जमा युनिट मार्चअखेरपर्यंत पुढे ओढले जातात. हिशेबाचे वर्ष एप्रिलपासून सुरू होत असल्याने उन्हाळ्याची शिल्लक पावसाच्या आधीच हाती येते. तीन महिन्यांची तूट तिने भरून काढली आणि दहा युनिट उरले. बिलात राहिला तो मुख्यतः स्थिर आकार.

भाऊ बराच वेळ वही पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे मी आठवडा मोजत होतो आणि तुम्ही वर्ष.’’ अण्णांनीही एक गोष्ट मान्य केली : बाहेरच्या विजेची जोडणी नसती, केवळ बॅटरीवर घर चालवायचे असते, तर त्या आठवड्यात भाऊच जिंकले असते. एप्रिलचे ऊन बॅटरीत जुलैपर्यंत टिकत नाही. ते टिकते मीटरच्या हिशेबात.